कथा: शेवटची पाळी कधी?

कृष्णाकाठ

ही कथा पूर्ण काल्पनिक आहे. मी जर्मनीत आखेनमध्ये शिकले, म्हणून गाव तेच ठेवलं. ताईसारख्या बायका मात्र मी सातारकडच्या उपकेंद्रांवर खूप पाहिल्या आहेत. ताईचं बोलणं पटतं का, ते मोकळेपणी सांगा.

---

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून मुक्ताने शनिवारी रात्रीच डीएमच्या दुकानातून ती पट्टी आणून ठेवली होती. आणताना ओट्सचं पाकीट, शाम्पू आणि नको असलेली साबणाची वडीही घेतली होती. सकाळी सातला बाहेर मिट्ट काळोख होता. घरातल्या बाकी दोघी झोपलेल्या होत्या. दुसरी रेघ इतकी लगेच उमटली की पत्रकात लिहिलेली मिनिटं मोजायची वेळच आली नाही.

तिकडे साडेअकरा वाजले होते. ताईने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"एकटी आहेस?"

"आहे की. धुणं घालतेय. का गं?"

"दाजी?"

"रानात गेलेत. मुक्ते, काय झालंय?"

रात्रभर जुळवून ठेवलेलं वाक्य आयत्या वेळी तोंडातून फुटेना. "पाळी आली नाही," एवढंच ती म्हणाली.

"तुझी कधी वेळेवर आलीय? पीसीओडीचं घेतेयस ना औषध?"

"ताई, चाचणी केली मी. दोन रेघा आल्या."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दार लावल्याचा. ताई आतल्या खोलीत गेली असावी.

"शेवटची पाळी कधी?"

हा प्रश्न मुक्ताच्या ओळखीचा होता, त्यातला आवाजही ओळखीचा होता. शाळेच्या सुट्टीत ती ताईबरोबर उपकेंद्रावर जायची. ताई समोरच्या बाईला विचारायची आणि मुक्ता गरोदर मातांच्या रजिस्टरात लिहायची. नाव, वय, कितवी खेप, शेवटची पाळी. आणि शेवटच्या रकान्यात नऊ महिने सात दिवस मिळवून येणारी तारीख. मुक्ताचं अक्षर चांगलं म्हणून ते काम तिच्याकडे असायचं.

"भाऊबीजेला. नक्की आठवतंय. दादाला ओवाळताना तू मला व्हिडिओवर घेतलं होतंस आणि मी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते."

"म्हणजे तीन नोव्हेंबर. आज बारा जानेवारी." ताई क्षणभरही थांबली नाही. "दहा आठवडे पुरे झाले."

"दहा? शक्यच नाही."

"का नाही?"

मुक्ताने खिडकीकडे पाहिलं. काचेत तिला तीच दिसली. "कारण आम्ही... सहा डिसेंबरला. तेवढंच. त्याआधी तो इथे नव्हता आणि नंतर परत स्टुटगार्टला गेला."

"तारीख पक्की?"

"निकोलाउसचा दिवस होता. इथे बुटात चॉकलेटं ठेवतात. त्याने ठेवली होती."

"तो कोण?"

"निखिल. माझ्याच वर्गातला. आता इंटर्नशिपला असतो तिकडे."

"कधीपासून आहे हे?"

"जूनपासून."

"जूनपासून," ताई म्हणाली. "रोज रात्री बोलतो आपण मुक्ते. कढीत किती बेसन घालायचं ते विचारतेस मला."

मुक्ताला रडू आलं ते तेव्हा, चाचणीनंतर नाही. ताईने तिला रडू दिलं. मग पुन्हा तोच उपकेंद्रातला आवाज.

"ऐक आता. पाळीच्या तारखेवर जायचं नाही. पाळी महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या बाईचं तसं मोजतात. तुझं बीज उशिरा सुटलं. सहा डिसेंबर खरा असेल तर त्याच्या आधीचे दोन आठवडे त्यात मिळवायचे, कारण डॉक्टर तसंच मोजतो. म्हणजे तू आज सात आठवडे दोन दिवसांवर आहेस. खरं काय ते सोनोग्राफी सांगेल. पोटात एकाच बाजूला कळ येतेय?"

"नाही."

"रक्त? डाग?"

"नाही."

"खांद्याला दुखतंय? चक्कर?"

"खांद्याला कशाला दुखेल?"

"विचारलं तेवढं सांग."

"नाही."

"मुरुमांसाठी कसल्या गोळ्या खातेस?"

"नाही. फक्त मेटफॉर्मिन."

"ती मनाने बंद करू नको, डॉक्टरला विचार. फॉलिक ॲसिड मिळालं तर उद्यापासून घे. काहीही ठरवलंस तरी त्याने नुकसान नाही."

मुक्ता जरा घुटमळली. "ताई, इथे एका सीनियरकडे गोळ्या आहेत. भारतातून आणलेल्या. ती म्हणते, घरीच..."

"हात लावायचा नाही." ताईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गर्भ पिशवीत आहे का नळीत, ते बघितलंय कुणी? नळीत असला तर गोळीने रक्त जाईल, तुला वाटेल सुटले, आणि तो नळीत वाढतच राहील. नळी फुटली तर त्या परक्या गावात तुला उचलायला कोण येणार? माझ्या हातून अशी एक बाई साताऱ्याला पाठवलीय मी. गाडीत तिची नाडी लागत नव्हती."

"बरं."

"बरं नाही. शपथ घे."

"तुझी शपथ."

"उद्या दवाखाना उघडला की पहिला फोन त्यांना, दुसरा मला."

"आणि आईला?"

ताई बराच वेळ बोलली नाही. "आत्ता नको. आई विचारेल काय करायचं, आणि तुला अजून माहीत नाही."

"तू सांग ना काय करू."

"मी रोज बायकांना सांगते, लोह खा, टीटी घे, वजन करून घे. हे मी कुणाला सांगत नाही. तुलापण नाही सांगणार. पण जे करशील त्यात मी आहे. पैसे लागले तर माझं आरडीचं खातं आहे, दाजींना विचारायची गरज नाही. वही घे. डॉक्टर विचारेल ते लिहून ठेव, घाबरलीस की विसरशील."

मुक्ताने प्रयोगशाळेची वही ओढली. ताई सांगत गेली, ती लिहीत गेली. नाव. वय २४. पहिली खेप. शेवटची पाळी ३ नोव्हेंबर, अनियमित. संबंध ६ डिसेंबर. रक्तगट बी निगेटिव्ह. त्याच्याखाली ताईने 'डॉक्टरला आवर्जून सांगायचं' असं लिहायला लावलं.

पुढे ताई थांबली. मुक्ताचा हात थांबला नाही. ओळ आडवी आखून, रकाना पाडून, तिने सवयीने आकडा मांडला.

"ताई, एकोणतीस ऑगस्ट येते. गणपतीत."

"माहितीय," ताई म्हणाली. "मी मघाशीच काढली."

---

दवबिंदू

कृष्णाकाठ, जूनपासून रोज बोलणाऱ्या बहिणीला हे माहीत नसणं, आणि ताईला मूल राहिल्यापेक्षा ते जास्त लागणं, हे अगदी खरं आहे. मला वाटतं मुक्ता बाळ ठेवणार. जिला नको असतं ती तारीख काढत बसत नाही.

रानवारा

मला अगदी उलट वाटलं. तिने ती तारीख हजार वेळा काढलीय, दुसऱ्या बायकांसाठी. हात आपोआप चालला. त्यावरून तिच्या मनातलं काहीच कळत नाही, आणि ताईलाही ते कळत नाही. म्हणून शेवट इतका अस्वस्थ करतो.

वाटसरू७७

ताई, तुम्ही खचून जाऊ नका. माझी भाची फ्रँकफर्टला असते, तिचा नंबर व्यक्तिगत निरोपात देतो. त्या निखिलच्या घरच्यांचा पत्ता मिळाला तर आम्ही चार वडीलधारी जाऊन बोलू. लग्न लावून दिलं की प्रश्न मिटतो.

कृष्णाकाठ

वाटसरूकाका, कथा आहे हो ही, मुक्ता माझ्या कल्पनेतली. पण तुम्ही लगेच धावलात, ते बघून बरं वाटलं. भाचीचा नंबर मात्र इथे उघड देऊ नका.

मोहनकाका_ठाणे

लेखन चांगलं आहे, पण एक विचारतो. या मुलीच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढलं असणार, घर तारण असेल. आईला न सांगण्याचा निर्णय दोन मुलींनी परस्पर घ्यायचा? माझी मुलगी कॅनडात आहे. उद्या असं झालं आणि मला सगळ्यांच्या शेवटी कळलं, तर तो घाव मला जन्मभर पुरेल. मी रागावेन, चार दिवस बोलणार नाही कदाचित, पण पाचव्या दिवशी विमानात बसलेला असेन. आईबापांना ही संधीच द्यायची नाही, हे मला पटलेलं नाही.

रानवारा

काका, ते चार दिवस तुमच्या मुलीकडे असतीलच असं नाही ना. ताई "आत्ता नको" म्हणते, "कधीच नको" म्हणत नाही.

रोहित_एम

मी जर्मनीतच आहे, ड्रेस्डेनला. कथेत वेळेचा मुद्दा बरोबर पकडलाय. इथे बारा आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आणि फुकट आहे. म्हणजे ताईच्या पहिल्या हिशेबाने दहा आठवडे झाले असते तर मुक्ताकडे जेमतेम दोन आठवडे उरले असते. सात धरले तर पाच. गोळ्याही बारापर्यंत चालतात. आणि अगदीच उशीर झाला तर आखेनमधून सिटी बसने फाल्सला जाता येतं, ते नेदरलँड्समध्ये आहे, तिथे चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे तिने इतकं घाबरायचं कारण नाही.

कोलोनची_सुमन

रोहित, तुमचा धीर देण्याचा हेतू चांगला आहे, पण यातलं निम्मंच बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यावर विसंबून एखादी मुलगी अडकू शकते. मी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. अपॉइंटमेंट देणं, तारखा मोजणं हेच माझं काम. आपल्या मुली येतात तेव्हा दुभाषाचं कामही माझ्याकडे येतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठा गोंधळ आठवड्यांचा होतो. जर्मन कायद्यातले बारा आठवडे गर्भधारणेपासून मोजतात. डॉक्टर सोनोग्राफीच्या कागदावर लिहितात ते आठवडे शेवटच्या पाळीच्या हिशेबाचे असतात, म्हणजे दोनने जास्त. कायद्याचे बारा म्हणजे कागदावरचे चौदा. मुली कागदावर "अकरा" वाचतात आणि उद्याच मुदत संपली असं समजून रडत फोन करतात. गोळ्यांची मुदत मात्र इथे कागदावरच्या हिशेबाने नऊ आठवडे, त्रेसष्ट दिवस. तिथे बारा नाही. या दोन मुदती दोन वेगळ्या हिशेबांतल्या आहेत, ते डोक्यात पक्कं हवं.

आता मुक्ताचंच घेऊ. सहा डिसेंबर खरा धरला तर कागदावरचे नऊ आठवडे २४ जानेवारीला भरतात आणि कायद्याची मुदत २८ फेब्रुवारीला. ताईने भाऊबीजच धरून ठेवली असती, तर गोळ्यांची मुदत ५ जानेवारीलाच उलटून गेली असती आणि मुक्ताला वाटलं असतं की आता फक्त शस्त्रक्रियाच उरली. पीसीओडी असलेल्या मुलींचं हे नेहमी होतं. पाळी उशिरा, बीज उशिरा, आणि तारखेवरून काढलेले आठवडे खऱ्यापेक्षा जास्त. सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजली की चित्र स्पष्ट होतं. ताईने "तारखेवर जायचं नाही" म्हटलं, ते म्हणूनच मला फार आवडलं.

नुसत्या सोनोग्राफीने काम होत नाही. सरकारमान्य केंद्रात समुपदेशन घ्यावंच लागतं आणि त्याचा दाखला मिळतो. बेराटुंग्सशाइन म्हणतात सगळे. समुपदेशनाचा दिवस आणि गर्भपाताचा दिवस यांच्यामध्ये पूर्ण तीन दिवस जावे लागतात, त्यात शनिवार-रविवार धरतात. मुक्ता मंगळवारी डॉक्टरकडे गेली, गुरुवारी, सोळा तारखेला, तिला केंद्रात वेळ मिळाली, तर शुक्रवार, शनिवार, रविवार सोडून सोमवारी वीस तारखेला लवकरात लवकर. चोवीसच्या आत चार दिवस हातात राहतात. पण केंद्राने पुढच्या मंगळवारची, एकवीसची वेळ दिली असती, तर शनिवार पंचवीस तारीख उजाडली असती आणि गोळ्यांची वाट बंद. म्हणून फोनवर पहिल्या वाक्यातच किती आठवडे झाले ते सांगायचं आणि लवकरची वेळ मागायची.

अजून एक, आखेन भागासाठी महत्त्वाचं. कारितास ही कॅथॉलिक संस्था गरोदर बायकांना सल्ला आणि मदत देते, पण हा दाखला देत नाही. चर्चने नव्वदच्या दशकाअखेर त्यातून अंग काढून घेतलं. प्रो फामिलिया, प्रोटेस्टंटांची डियाकोनी, किंवा कॅथॉलिकांमधल्याच लोकांनी १९९९ मध्ये काढलेली डोनुम विटे, ही मंडळी देतात. जवळचं केंद्र म्हणून आधी कारितासमध्ये गेलेली, छान बोलणं झालेली आणि दाखल्याशिवाय परत आलेली मुलगी मी पाहिली आहे. तिचा आठवडा गेला.

रोहित_एम

धन्यवाद, चौदाचं खरंच माहीत नव्हतं. पण "फुकट" आणि "कायदेशीर" यातही चूक आहे का?

कोलोनची_सुमन

दोन्हीत अर्धी. गर्भपाताला गुन्हा ठरवणारं कलम २१८ अजून आहे. समुपदेशन, तीन दिवस आणि मुदत पाळली तर शिक्षा होत नाही, पण कायद्याच्या भाषेत ते कृत्य कायदेशीर ठरत नाही. म्हणूनच आरोग्य विमा आपोआप पैसे भरत नाही. उत्पन्न कमी असेल तर राज्य खर्च उचलतं, आणि आपले बहुतेक विद्यार्थी त्यात बसतात. पण त्यासाठी विमा कंपनीकडे आधी अर्ज करून लेखी होकार हातात घ्यावा लागतो. करून झाल्यावर बिल पाठवलं तर पैसे मिळत नाहीत. समुपदेशन मात्र सर्वांनाच मोफत.

फाल्सला बस जाते हे खरं. पण सीमा ओलांडली की खर्च स्वतःचा, आणि जर्मनीत मुदत शिल्लक असताना तिकडे जायचं काही कारण नाही.

दवबिंदू

समुपदेशनात काय विचारतात? "का नको?" असं विचारून अपराधी वाटायला लावतात का? माझ्या डोळ्यांसमोर टेबलापलीकडे बसलेली कडक बाईच येतेय.

कोलोनची_सुमन

कायद्यात लिहिलंय की समुपदेशन जन्माला न आलेल्या जीवाच्या बाजूने असावं. त्याच कायद्यात असंही आहे की निर्णय बाईचा, आणि ते मोकळ्या मनाने व्हावं. कारणं सांगावीत अशी अपेक्षा असते, सक्ती नाही. मी दुभाषी म्हणून बसले आहे त्या खोल्यांमध्ये बहुतेक वेळ घर, पैसे, परीक्षा, जोडीदार यावरच बोलणं झालं. मूल ठेवायचं असेल तर काय मदत मिळते तेही सांगतात. एका मुलीने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही, तिलाही दाखला दिला. सगळीकडे तसंच असेल असं मात्र मी म्हणणार नाही.

श्रुती_ड

मी वाचत होते, लिहू की नको ठरत नव्हतं. माझं मास्टर्स चालू असताना मला दिवस गेले होते. लग्न झालेलं होतं, त्यामुळे मुक्तासारखं लपवायचं नव्हतं, पण नवरा पुण्यात आणि मी इथे, थिसिस अर्धवट. मी बाळ ठेवलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं की मूल ठेवायचं असलं तरी याच केंद्रांत जायचं असतं. 'आई आणि बाळ' नावाचा एक राष्ट्रीय निधी आहे, त्यातून बाळंतपणाचे कपडे, पाळणा, बाबागाडी यासाठी पैसे मिळतात. महत्त्वाची अट अशी, अर्ज बाळ जन्मण्याच्या आधी आणि केंद्रामार्फत. मला ते आठव्या महिन्यात योगायोगाने कळलं. आणि मातृसंरक्षणाचा कायदा २०१८ पासून विद्यार्थिनींनाही लागू आहे. बाळंतपणाच्या आधीचे सहा आणि नंतरचे आठ आठवडे परीक्षेला बसायची सक्ती करता येत नाही, आपल्याला बसायचंच असेल तर बसता येतं. मी सेमिस्टरची रजा घेतली. रजा घेण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात लेखी विचारून ठेवलं, कारण व्हिसा शिक्षणावर होता.

सोपं होतं असं म्हणणार नाही. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी साडेचारलाच अंधार पडला की बाळाला घेऊन रडायचे. आई तीन महिने येऊन राहिली, तिचा व्हिसा संपला आणि मग मी खरी एकटी पडले. मुलगा आता बालवाडीत जातो, मराठीत भांडतो आणि जर्मनमध्ये रुसतो. मुक्ताने काय करावं ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे नवरा होता, तिच्याकडे एक स्टुटगार्टचा मुलगा आहे ज्याच्याबद्दल कथेत चॉकलेटांपलीकडे काहीच कळत नाही.

पेठेतला_वाचक

श्रुती यांनी नेमकं माझं बोट ठेवायचं होतं तिथे बोट ठेवलं. निखिलला कथेत जागाच नाही. तो चांगला की वाईट, त्याला कळवलं का, काहीच नाही. लेखिकेने त्याला सोयीने स्टुटगार्टला पाठवून दिलं असं वाटलं. त्याचाही त्यात अर्धा वाटा आहे.

कृष्णाकाठ

पेठेतला_वाचक, मी त्याला मुद्दाम बाहेर ठेवलं. पहिला फोन कुणाला जातो, मला तेवढंच लिहायचं होतं. मुक्ताने सात वाजता निखिलला केला नाही, ताईला केला. तो वाईट आहे असं माझ्या मनात नाही. त्याला कळेल तेव्हा तो काय करेल, ते मुक्तालाही त्या सकाळी माहीत नाही.

पेठेतला_वाचक

उत्तर कळलं, पण पटलं नाही. ताईने एकदा तरी "त्याला सांगितलंस का" असं विचारायला हवं होतं. आपल्याकडची कुठलीही थोरली बहीण पहिल्या पाच मिनिटांत ते विचारेल.

माणदेशी

मी स्वतः एएनएम आहे, पंढरपूरकडची. ताई बरोबर लिहिलीय. आम्ही आधी जीव धोक्यात आहे का ते बघतो. कळ, रक्त, खांदा, चक्कर. नळीतला गर्भ फुटला की पोटात रक्त साठतं आणि दुखणं खांद्याला जाणवतं, म्हणून ते विचारायचं असतं. पोराचं नाव नंतर. निगेटिव्ह रक्तगट सांगायला लावला तेही बरोबर, अँटी डी इंजेक्शन द्यायचं का ते डॉक्टर ठरवतात.

गोळ्यांबद्दल मी जास्त कडक लिहिलं असतं. पोरी सुट्टीला आल्यावर बॅगेत टाकून नेतात, मैत्रिणीला देतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली त्याच गोळ्या सुरक्षित आहेत. आठवडे न मोजता, नळीत आहे का ते न बघता घेतल्या तर नाहीत. आणि घेतल्यावर काय झालं तर दवाखान्यात जायचं नाही, ही भीती त्याहून वाईट. तासाला दोन मोठी पॅड पूर्ण भिजत असतील आणि असं लागोपाठ दोन तास चाललं, किंवा ताप उतरत नसला, तर सरळ दवाखाना गाठायचा.

कोलोनची_सुमन

माणदेशीताई, अगदी. आणि घरून पोस्टाने मागवायच्या भानगडीतही पडू नये. युरोपीय संघाबाहेरून औषधं पोस्टाने मागवायला इथे खाजगी व्यक्तीला परवानगी नाही, कस्टम पाकीट अडवतं. त्या वाट बघण्यात नऊ आठवडे निघून जातात.

मोहनकाका_ठाणे

मग सरळ भारतात येऊन करावं ना? इथे तर चोवीस आठवड्यांपर्यंत होतं, आणि आईच्या हातचं जेवण तरी मिळेल.

माणदेशी

काका, सगळ्यांना चोवीस नाही. साधारण वीसपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर, आणि वीस ते चोवीस ठराविक कारणांसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने. २०२१ मध्ये तसा बदल झाला. अविवाहित मुलींनाही त्या कारणांमधून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. सज्ञान मुलीला आईवडिलांची किंवा कुणाची सही लागत नाही. येऊ शकते ती. पण सात आठवड्यांवर असताना, परीक्षा तोंडावर असताना, तिकिटाचा खर्च करून कशाला यायचं? तुम्हाला तिला जवळ घ्यायचंय, ते समजतं. तुम्हीच जा तिच्याकडे.

मोहनकाका_ठाणे

व्हिसा लगेच मिळत नाही हो. म्हणून तर म्हणालो.

अबोली_

एक विचारू? मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. विमा कंपनीच्या होकाराचं पत्र कुठे येतं? घरी कळतं का? आणि समुपदेशनाला खरं नाव सांगावं लागतं का? कथेबद्दल नाही विचारत आहे.

कोलोनची_सुमन

अबोली, पत्र तुझ्या जर्मनीतल्या पत्त्यावर, तुझ्याच नावाने येतं. भारतात कुणाला काही जात नाही. घरात इतर मुली असतील आणि पत्रपेटी एकच असेल तर विमा कंपनीच्या शाखेत प्रत्यक्ष जा, पत्र तिथेच हातात देता येईल का विचार. समुपदेशन नाव न सांगताही घेता येतं, दाखल्यावर मात्र नाव लागतं. जर्मन येत नसेल तर वेळ घेतानाच सांग, इंग्रजी बोलणारं कुणी देतात किंवा दुभाषा बोलावतात. पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर हे सगळं सोडून आत्ता ११२ ला फोन कर.

तुला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आज मी अकरापर्यंत जागी आहे.

अबोली_

दुखत नाहीये. निरोप मिळाला. लिहिते.